मोफत फवारणी पंप वाटणारं चॅनेल खरं की बनावट? नाव आणि फोटो सोडा, तारखा बघा

यवतमाळ : गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यूट्यूबची लिंक येते. ‘शंभर शेतकऱ्यांना बॅटरी फवारणी पंप मोफत, चॅनेल सबस्क्राइब करा, नंबर टाका.’ खाली दहा-पंधरा जणांनी आधीच आपले नंबर टाकलेले असतात. ट्रॅक्टर, मोबाइल, बैलजोडी अशी नावं बदलत राहतात, पण सांगण्याचा ढंग तोच असतो. अशी घोषणा करणारे सगळेच ठग असतात असं नाही. शेतीचे व्हिडिओ टाकणारे काही यूट्यूबर खरोखरच पंप, बियाणं, टी-शर्ट वाटतात. बियाणं नाहीतर औषधाची कंपनी त्यांना तो माल देते, यूट्यूबरचे प्रेक्षक वाढतात आणि कंपनीची जाहिरात होते. प्रश्न एवढाच की आपल्या मोबाइलवर आलेलं चॅनेल यातलं आहे की त्याच्या वेषातलं दुसरंच कोणी.

आपल्याकडे असल्या घोषणेवर विश्वास लवकर बसतो, आणि त्याला कारणही आहे. सरकारी योजनेतली अवजारं कित्येक वर्षं लॉटरीनंच मिळत आली. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा, अर्जाचे २३ रुपये ६० पैसे भरायचे, मग सोडत निघायची आणि नशीब असलं तर मोबाइलवर मेसेज यायचा. २०२४ मध्ये कापूस आणि सोयाबीन उत्पादकांसाठी बॅटरीवरचा फवारणी पंप शंभर टक्के अनुदानावर होता, त्याचीही सोडतच निघाली. शेजाऱ्याला फुकट पंप लागलेला ज्यानं डोळ्यानं पाहिला, त्याला ‘तुमची निवड झाली आहे, फक्त थोडी फी भरा’ हा मेसेज वावगा वाटत नाही. ठगाला नवीन काही पटवून द्यावं लागत नाही, आपल्या सवयीचाच तो वापर करतो.

मग ओळखायचं कसं? चॅनेल किती जुनं आहे, त्यावर आजवर काय टाकलं गेलं आणि नावापुढे टिक आहे का, या तीन गोष्टी बघा, असं बरेच जण सांगतात. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. या तिन्ही गोष्टी चॅनेलला नापास करू शकतात, पण यातली एकटी एकही त्याला पास करू शकत नाही. हा फरक कळला नाही तर माणूस जुनी तारीख बघून निश्चिंत होतो आणि तिथेच फसतो.

मालकाच्या हातात काय आणि यूट्यूबच्या हातात काय

चॅनेलच्या पानावर जे दिसतं त्यातलं बरंचसं मालकानं स्वतः लिहिलेलं असतं. नाव, फोटो, वरचा मोठा बॅनर, खालची माहिती, दिलेली लिंक, एवढंच काय तर देशाचं नावसुद्धा मालक स्वतः निवडतो. ‘India’ लिहिलं आहे म्हणून माणूस भारतातला, असं धरून चालू नका. कृषी विभागाचं बोधचिन्ह नाहीतर मंत्र्याचा फोटो लावायला कोणाची परवानगी लागत नाही, दोन मिनिटांचं काम आहे.

काही गोष्टी मात्र यूट्यूब स्वतः लिहितं आणि मालकाला त्यात खाडाखोड करता येत नाही. चॅनेल कधी उघडलं ती तारीख, प्रत्येक व्हिडिओ कधी लोकांसमोर आला ती तारीख आणि नावापुढची करड्या रंगाची टिक. व्हिडिओला मागची तारीख टाकता येत नाही. सातबाऱ्यावर फेरफाराची नोंद जशी तलाठ्याच्या हातून होते, शेतकऱ्याला घरी बसून करता येत नाही, तसंच हे आहे. तपासायचं ते हेच. बाकी सगळं सजावट.

तारीख बघायला यूट्यूबच्या अॅपमध्ये चॅनेलच्या नावावर टच करून त्याचं पान उघडा. नावाखाली दोन ओळींची माहिती असते, तिच्या शेवटी `...more` असं दिसतं. त्यावर टच केलं की खाली `Joined` आणि पुढे तारीख येते. किती व्हिडिओ आहेत आणि किती वेळा पाहिले गेले तेही तिथंच दिसतं. मोबाइल मराठीत असेल तर हेच शब्द मराठीत दिसतील.

या तारखेनं सगळ्यात लवकर पकडला जातो तो कमेंटमधला ठग. आपण एखाद्या नामांकित शेती यूट्यूबरच्या व्हिडिओखाली ‘माहिती छान, भाऊ’ असं लिहितो. तासाभरात उत्तर येतं, ‘अभिनंदन, तुमची बक्षिसासाठी निवड झाली, टेलिग्रामवर संपर्क करा’. फोटो त्याच यूट्यूबरचा, नाव तेच. अशा वेळी टेलिग्रामवर न जाता त्या उत्तर देणाऱ्याच्या नावावर टच करून त्याचं पान उघडावं. तिथं बहुतेक वेळा एकही व्हिडिओ नसतो, सबस्क्रायबर दोन-चार आणि `Joined` ची तारीख गेल्या आठवड्यातली. शहानिशा तिथंच संपते. खऱ्या चॅनेलच्या मालकानं स्वतःच्या व्हिडिओखाली कमेंट केली की त्याच्या नावामागे वेगळ्या रंगाची पट्टी दिसते. ती पट्टी नसेल तर तो मालक नाही.

जुनी तारीख, पण चॅनेल चोरीचं

इथपर्यंत सोपं आहे. आता दुसरी बाजू. चॅनेल २०१४ चं आहे, लाखोंनी सबस्क्रायबर आहेत, आणि तरीही त्यावरची बक्षिसाची घोषणा ठगाची आहे, असं होऊ शकतं का? होऊ शकतं, आणि झालेलं आहे. आपल्याच राज्यात, मुंबईत.

२५ सप्टेंबर २०२४ च्या रात्री मुंबईचा यूट्यूबर रणवीर अलाहाबादिया याची दोन्ही चॅनेल चोरांच्या हाती गेली. ‘बीअरबायसेप्स’ हे त्याचं इंग्रजी चॅनेल आणि दुसरं त्याच्या स्वतःच्या नावाचं. दोन्ही जुनी, दोन्हींवर शेकडो मुलाखती, आणि दोन्ही मिळून सबस्क्रायबर एक कोटीच्या वर. चोरांनी आधी नावं बदलली. एकाचं `@Elon.trump.tesla_live2024` झालं आणि दुसऱ्याचं `@Tesla.event.trump_2024`. मग मुलाखती काढून टाकल्या आणि त्या जागी इलॉन मस्क आणि डोनाल्ड ट्रम्प यांचे जुने कार्यक्रम लावले. लाइव्हमध्ये मस्कचा बनावट चेहरा बोलत होता. क्यूआर कोड स्कॅन करा, बिटकॉइन नाहीतर इथेरियम पाठवा, दुप्पट होऊन परत येतील, असं तो सांगत होता. यूट्यूबनं दोन्ही चॅनेल बंद केली आणि नंतर ती मालकाला परत मिळाली.

त्या रात्री एखाद्यानं ‘चॅनेल किती जुनं’ एवढंच बघितलं असतं, तर उत्तर आलं असतं की कित्येक वर्षं जुनं. सबस्क्रायबर बघितले असते, तर लाखोंनी. दोन्ही परीक्षांत चोर पहिल्या नंबरानं पास. नापास झाला असता तो तिसऱ्या परीक्षेत, म्हणजे व्हिडिओंच्या यादीत. वर्षानुवर्षं मुलाखती टाकणाऱ्या चॅनेलवर आता मोजकेच व्हिडिओ, तेही सगळे ताजे, आणि विषयाचा जुन्याशी काडीचा संबंध नाही.

हे एकट्याच्या बाबतीत घडलेलं नाही. १५ फेब्रुवारी २०२२ ला संसदेच्या ‘संसद टीव्ही’चं चॅनेल चोरांनी घेतलं आणि नाव ठेवलं ‘इथेरियम’. २० सप्टेंबर २०२४ ला तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या चॅनेलवर सुनावणीऐवजी ‘रिपल’ नावाच्या अमेरिकी कंपनीच्या आभासी चलनाचे व्हिडिओ दिसू लागले. जिथं घटनापीठाची सुनावणी लाइव्ह दाखवतात, तिथं. सरकारी किंवा मोठ्या माणसाचं चॅनेल म्हणजे खात्रीचं, हा समज त्या दिवशी तरी चालला नसता.

चोराला पासवर्ड कसा मिळतो, असं कोणाला वाटेल. बऱ्याचदा त्याला पासवर्ड लागतच नाही. यूट्यूबरला ‘आमच्या वस्तूची जाहिरात करा, चांगले पैसे देऊ’ असा ईमेल येतो, सोबत एक फाइल असते. फाइल उघडली की त्याच्या कॉम्प्युटरमधली लॉगिन चालू ठेवणारी खूण, जिला कुकी म्हणतात, ती चोराकडे जाते. दरवाजा उघडाच असल्यावर किल्ली कशाला पाहिजे? मग ओटीपीही आडवा येत नाही. गूगलच्या सुरक्षा पथकानं ऑक्टोबर २०२१ मध्ये या प्रकारावर अहवाल दिला. त्यात अशा चोरलेल्या चॅनेलचा बाजारभावही होता, सबस्क्रायबर किती त्यावरून ३ डॉलरपासून ४ हजार डॉलरपर्यंत. म्हणजे जुनं चॅनेल ही बाजारात विकत मिळणारी वस्तू आहे. जुन्या तारखेचं मोल त्या बाजारात ठरतं, म्हणूनच आपण तिच्यावर एकट्या भरवसा टाकायचा नाही.

व्हिडिओंची यादी शेवटपर्यंत बघा

तिन्हींमध्ये सगळ्यात बोलकी असते ती व्हिडिओंची यादी, आणि लोक नेमकी तीच बघत नाहीत. चॅनेलच्या पानावर `Videos` मध्ये गेलं की वर `Latest`, `Popular` आणि `Oldest` असे तीन पर्याय दिसतात. `Oldest` दाबा. सगळ्यात जुना व्हिडिओ वर येईल. एखाद्यावर टच करून खालची माहिती उघडली की नेमकी तारीख दिसते.

आता `Joined` ची तारीख आणि पहिल्या व्हिडिओची तारीख शेजारी ठेवा. चॅनेल २०१७ चं आणि उरलेला सगळ्यात जुना व्हिडिओ गेल्या सोमवारचा, तर मधली सगळी वर्षं गेली कुठं? एक तर जुनं सगळं पुसलं, नाहीतर चॅनेल इतकी वर्षं पडीक होतं आणि कोणी तरी आता विकत घेतलं. प्रामाणिक माणसाचंही चॅनेल पडीक असू शकतं, मुलीनं दहावीत काढलेलं आणि आता पुन्हा सुरू केलेलं. पण मग त्याच्याकडे दोन लाख सबस्क्रायबर नसतात. पडीक वावर आणि भरलेलं कोठार, दोन्ही एकाच वेळी एकाच्याच घरी कसं?

दुसरी खूण विषयाची. सुरुवातीला लहान मुलांची गाणी नाहीतर पबजीचा खेळ, मग मोठी खंड, आणि एकदम ‘शेतकऱ्यांसाठी मोफत योजना’. माणूस विषय बदलतो, पण हळूहळू बदलतो आणि मधल्या व्हिडिओंत ते दिसतं. तिसरी खूण गर्दीची. चाळीस व्हिडिओ आहेत म्हणून समाधान मानू नका, ते चाळीस दोन दिवसांतच टाकलेले नाहीत ना ते बघा. दुसऱ्यांचे व्हिडिओ उचलून एका रात्रीत दुकान भरता येतं. फवारणीचे व्हिडिओ जुलै-ऑगस्टचे, वेचणीचे दिवाळीच्या आसपासचे, हरभऱ्याचे हिवाळ्यातले, असं हंगामाप्रमाणे दोन-तीन वर्षं पसरलेलं चॅनेल एका रात्रीत कोणाला उभं करता येत नाही. शेती करणाऱ्याला हे वेगळं शिकवायची गरज नाही.

टिकबद्दल दोन्हीकडून गैरसमज आहे. यूट्यूबवर टिकसाठी अर्ज करायला साधारण एक लाख सबस्क्रायबर लागतात. त्यामुळे आर्णी नाहीतर घाटंजीचा एखादा पोरगा नऊ हजार सबस्क्रायबरवर प्रामाणिकपणे काम करत असेल तर त्याला टिक नसणारच, त्यावरून त्याला ठग ठरवू नका. उलट मोठ्या नावाचं, लाखोंचं चॅनेल असून टिक नसेल तर थांबा. यूट्यूबचा नियम असा की चॅनेलचं नाव बदललं की टिक जाते आणि नव्यानं अर्ज करावा लागतो. चोरानं नाव बदललं की टिकही गेली. पण हुशार चोर नाव तसंच ठेवून नुसती बक्षिसाची लिंक टाकेल, तेव्हा टिक शाबूत राहील. म्हणून टिकही एकटी पुरत नाही.

खोटी टिक ओळखायला नजर लागते. काही जण नावाच्या शेवटी हिरव्या-निळ्या टिकचं चित्र टाकतात, जसं आपण मेसेजमध्ये अंगठा टाकतो. काही जण गोल फोटोतच टिक काढून ठेवतात. यूट्यूबची खरी टिक साधी करडी असते, फोटोत नसते, नावाच्या बाहेर असते. आणि शंका आली की `@` नं सुरू होणारं नाव वाचा. वरचं मोठं नाव शंभर जण सारखं ठेवू शकतात, पण `@` चं नाव जगात एकालाच मिळतं. नकल करणाऱ्याला त्यात एखादं टिंब, आडवी रेघ नाहीतर आकडा घुसवावाच लागतो. फेसबुक-इन्स्टाग्रामची निळी टिक ही तर वेगळीच भानगड. तिथं २०२३ पासून महिन्याचे पैसे भरून, ओळखपत्र दाखवून टिक घेता येते. ती माणूस कोण आहे ते सांगते, तो पंप देईल का ते सांगत नाही. फेसबुक पेजचा एक फायदा मात्र आहे. त्याच्या `Page transparency` मध्ये पेज कधी उघडलं आणि आधी त्याचं नाव काय होतं ते दिसतं. यूट्यूबवर जुनं नाव दिसत नाही.

एक उदाहरण घेऊ

समजा दिवाळीच्या आठवड्यात, कापूस विकून हातात चार पैसे असताना, दोन लिंक आल्या. पहिल्या चॅनेलचं नाव सरकारी वाटावं असं, सबस्क्रायबर दोन लाख दहा हजार, `Joined` २०१७. टिक नाही. `Oldest` दाबलं तर पहिला व्हिडिओ सहा दिवसांपूर्वीचा आणि एकूण व्हिडिओ चार, चारही ‘मोफत पंप’चे. `@` चं नाव वाचलं तर कुठल्या तरी मोबाइल गेमचं. मालक वरचं नाव बदलायला विसरला नाही, खालचं विसरला.

दुसऱ्याचे सबस्क्रायबर नऊ हजार, `Joined` २०२०, टिक नाही, व्हिडिओ तीनशेच्या वर. पहिल्या व्हिडिओत आवाज नीट येत नाही, कॅमेरा हलतो आणि मागे बैल ओरडतो. तूर, कपाशी, बोंडअळी, दर हंगामाला काही ना काही आहे. घोषणा पाच पंपांची, शंभरची नाही. गेल्या वर्षीही त्यानं दोन पंप दिले होते आणि ते घेणाऱ्या शेतकऱ्यांचा व्हिडिओ यादीत आहे, त्याखाली त्यांच्या गावच्या लोकांच्या कमेंटही आहेत. हा दुसरा गडी बहुतेक खरा. ‘बहुतेक’ म्हणायचं, कारण त्याचंही चॅनेल उद्या चोरीला जाऊ शकतं. म्हणून लिंकवरून न जाता स्वतः यूट्यूबवर त्याचं नाव शोधा आणि घोषणा त्याच्या चॅनेलवरच्या व्हिडिओत त्यानं स्वतःच्या तोंडानं केली आहे का ते बघा.

शेवटची गाळणी पैशाची. यूट्यूबच्या स्वतःच्या नियमानुसार तिथल्या स्पर्धेत भाग घ्यायला पैसे घेता येत नाहीत. त्यामुळे ‘नोंदणी ९९ रुपये’ म्हणणारं चॅनेल कितीही जुनं असलं तरी तिथंच बाद. मग ठग म्हणतो, फी नाही, हा टॅक्स आहे. त्यात थोडं तथ्य असल्यानं लोक अडकतात. दहा हजारांच्या वरच्या बक्षिसावर ३० टक्के टीडीएस कापला जातो, हे खरं आहे. ट्रॅक्टर लागला तर कर भरल्याशिवाय तो हातात येत नाही, हेही खरं. पण तो कर पॅन नंबरवर सरकारच्या खात्यात जातो, कोणाच्या फोनपे नंबरवर नाही. आणि चार हजारांचा पंप दहा हजारांच्या आतच आहे, त्यावर कसला टीडीएस?

वेगळी फाइल डाउनलोड करायला सांगितली, जिच्या नावाच्या शेवटी `.apk` आहे, तर ती उघडू नका. तिच्यातून मोबाइलमधले मेसेज आणि ओटीपी दुसरीकडे जाऊ शकतात, मग एक रुपया न भरताही खातं रिकामं होतं. पैसे गेलेच असतील तर सकाळची वाट न बघता लगेच १९३० वर फोन करा नाहीतर `cybercrime.gov.in` वर तक्रार टाका, कारण पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधीच ते रोखता येतात. चॅनेलची लिंक, `@` चं नाव आणि `Joined` च्या तारखेचा स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा. चॅनेल तासाभरात नाव बदलतं किंवा गायब होतं, आणि मग ठाण्यात दाखवायला हातात काही उरत नाही.